बीटाच्या क्रमवारीत आटपाडीचं पाणी सापडत नाही

व्यवस्थापन, समाजकार्य, ग्रामीण विकास, कृषी अर्थशास्त्र, कुठल्याही विषयाचा प्रबंध उघडा. चौथं किंवा पाचवं प्रकरण निष्कर्षांचं असतं आणि त्यात तेच वाक्य भेटतं: 'रिग्रेशन विश्लेषणातून असे दिसून आले की अमुक घटकाचा बीटा सर्वाधिक असल्याने प्रकल्पाच्या यशात या घटकाचा वाटा सर्वात मोठा आहे.' खाली तक्ता, तक्त्यात तारका. ज्याला तीन तारका तो महत्त्वाचा, ज्याला एक तो बरा, ज्याला एकही नाही तो बिनकामाचा. मग शिफारशी: पहिल्या घटकावर भर द्यावा, शेवटचा सोडून दिला तरी चालेल.

या पद्धतीमागे एक ठाम मत आहे. मार्गदर्शक ते विद्यार्थ्याला सांगतात, डाटा अ‍ॅनालिसिस करून देणारे सांगतात, तोंडी परीक्षेला आलेले परीक्षकही बहुतेक वेळा मान डोलावतात. मत असं: निष्कर्षाच्या प्रकरणात संशोधकाने स्वतःचं डोकं घालायचं नसतं. संगणकाने जे दिलं ते शब्दांत उतरवायचं. सहसंबंध मोठा असेल तर घटक यशाशी जोडलेला आहे, रिग्रेशनमध्ये `Sig.` ०.०५ च्या आत असेल तर तो यशाचं कारण आहे, बीटावरून घटकांची क्रमवारी लागते आणि आर-स्क्वेअर सांगतो की आपण यशाचा किती भाग उलगडला. आकडे निःपक्षपाती असतात, ते बोलतील. आपण लेखनिकाचं काम करायचं.

हे मत मला मान्य नाही. ते चुकीचं तर आहेच, शिवाय त्यातून निघालेल्या शिफारशी खऱ्या गावांवर, खऱ्या संस्थांवर लादल्या जातात म्हणून घातकही आहे. ते का चुकीचं, हे हवेत बोलून पटणार नाही. म्हणून आटपाडी घेतो.

सांगली जिल्ह्यातला हा पर्जन्यछायेतला तालुका. माणदेशाचा भाग, माण नदी बहुतेक वर्षभर कोरडी. इथे 'प्रकल्प' म्हटलं की पहिल्यांदा टेंभू येतं. कराड तालुक्यात टेंभू गावाजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने उपसत खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत आणायचं, अशी ही उपसा सिंचन योजना. १९९३ पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरत आल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांच्या पुढाकाराने ही चळवळ उभी राहिली आणि तिने नुसतं पाणी मागितलं नाही, समन्यायी वाटप मागितलं: सगळ्या गावांना पाणी, भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा, उघड्या पाटाऐवजी बंदिस्त नळातून वाटप. पुढे २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला आणि पाणी वापर संस्थांना कायद्याची चौकट मिळाली.

आता एका प्रबंधाची कल्पना करू. विषय: 'आटपाडी तालुक्यातील पाणी वापर संस्थांच्या यशाचे घटक'. आकडे माझे, फक्त हिशेब दाखवण्यासाठी घेतलेले. बारा संस्था, प्रत्येकीचे पंधरा सभासद, एकूण १८० उत्तरं. पाच पर्यायांची प्रश्नावली, 'पूर्णपणे असहमत' ते 'पूर्णपणे सहमत'. घटक: सभासदांचा सहभाग, व्यवहारातली पारदर्शकता, अध्यक्षांचं नेतृत्व, प्रशिक्षण वगैरे. शेवटी 'संस्था यशस्वी आहे असं मला वाटतं' या अर्थाची पाच-सहा विधानं, त्यांची सरासरी म्हणजे यश.

पहिल्या दोन घटकांकडे नीट बघू. सहभागाचा यशाशी सहसंबंध ०.६०, पारदर्शकतेचा ०.५५. दोन्हींना तीन-तीन तारका. हे दोन घटक आपापसातही जोडलेले आहेत, त्यांचा सहसंबंध ०.८५. आणि ते साहजिक आहे. जिथे जमाखर्च सभेत वाचून दाखवतात तिथे माणसं सभेला येतात, आणि जिथे माणसं येतात तिथे जमाखर्च लपवता येत नाही. आता दोघांना एकत्र रिग्रेशनमध्ये टाकायचं. प्रमाणित बीटाचं सूत्र दोन घटकांसाठी हाताने करता येईल इतकं साधं आहे:

```
β1 = (r_y1 − r_y2 · r_12) / (1 − r_12²)
   = (0.60 − 0.55 × 0.85) / (1 − 0.7225)
   = 0.1325 / 0.2775 = 0.48
β2 = (0.55 − 0.60 × 0.85) / 0.2775 = 0.14
```

सहभागाचा बीटा ०.४८, पारदर्शकतेचा ०.१४. १८० उत्तरांवर दोन्हींची प्रमाण त्रुटी सुमारे ०.११ येते. म्हणजे सहभागाचा टी ४.२, पारदर्शकतेचा १.३. पहिल्याला तीन तारका, दुसऱ्याला एकही नाही. प्रबंधात वाक्य उतरतं: 'पारदर्शकतेचा संस्थेच्या यशावर लक्षणीय परिणाम होत नाही.' शिफारस तयार: सहभाग वाढवा, पारदर्शकतेवर वेळ घालवू नका.

मागच्या पानावर हीच पारदर्शकता ०.५५ सहसंबंधाने यशाशी घट्ट बांधलेली होती. एका पानात ती निकामी कशी झाली? झाली नाहीच. रिग्रेशनने वेगळा प्रश्न विचारला होता: सहभाग जेवढ्यास तेवढा धरला, तर पारदर्शकतेतल्या उरलेल्या फरकाचा यशाशी काही संबंध दिसतो का? सहभाग धरून ठेवल्यावर पारदर्शकतेत फरक उरतोच किती? दोघांचा सहसंबंध ०.८५, म्हणजे पारदर्शकतेच्या फरकापैकी ७२ टक्के सहभागासोबतच हलतो. उरलेल्या २८ टक्क्यांवर हा सगळा निवाडा. सभा गच्च भरते पण हिशेब कोणी दाखवत नाही, असं सांगणारे सभासद या १८० जणांत मोजकेच असणार, आणि उलट्या बाजूचेही मोजकेच. या मोजक्या माणसांच्या उत्तरांवर पारदर्शकतेचा निकाल लागला आणि विद्यार्थ्याने तो साऱ्या तालुक्याचा म्हणून लिहिला.

क्रमवारीचं तर त्याहून वाईट आहे. हेच सर्वेक्षण दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या १८० सभासदांवर केलं आणि सहसंबंध ०.६० ऐवजी ०.५७, ०.५५ ऐवजी ०.५८ आले असं समजा. फरक ०.०३ चा. १८० उत्तरांवर एवढ्या सहसंबंधाची प्रमाण त्रुटीच जवळपास ०.०५ असते, म्हणजे इतका फरक निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने पडतो. तरी बीटा काढून पाहा: सहभाग ०.२८, पारदर्शकता ०.३४. क्रम उलटला. तालुका तोच, संस्था त्याच, शेतकरी त्याच गावांचे, आणि पहिल्या क्रमांकाचा घटक बदलला. असा क्रम ज्या प्रबंधात निष्कर्ष म्हणून छापला जातो, त्याने नेमकं काय शोधलं?

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: आम्ही व्हीआयएफ तपासला, तो दहाच्या आत आहे. आमच्या उदाहरणात व्हीआयएफ येतो १ भागिले ०.२७७५, म्हणजे ३.६. दहाच्या आत आहेच, कडक मार्गदर्शक मागतात त्या पाचच्याही आत आहे. तरी क्रम उलटतो, तरी एक घटक 'निकामी' ठरतो. व्हीआयएफ इतकंच सांगतो की बीटाची अनिश्चितता किती पटीने फुगली. क्रमवारी विश्वासार्ह आहे असा दाखला तो देत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही.

मग काय लिहायचं? आर-स्क्वेअर फोडून बघायचा. एकटा सहभाग घातला तर ०.३६. एकटी पारदर्शकता घातली तर ०.३०. दोन्ही घातले तर ०.३७. सहभागानंतर पारदर्शकतेने भर घातली जेमतेम ०.०१ ची, पारदर्शकतेनंतर सहभागाने ०.०६ ची. उरलेला सुमारे ०.३० दोघांचा सामायिक आहे. जे काही उलगडलं त्यातला पाचात चार हिस्सा कोणा एकाच्या नावावर चढवताच येत नाही. खरा निष्कर्ष हाच: या संस्थांमध्ये सहभाग आणि पारदर्शकता एकत्र नांदतात, आणि या आकड्यांवरून त्यांना वेगळं करता येत नाही. हे लिहिलं तर प्रबंध कमकुवत दिसेल ही भीती कशासाठी? आटपाडीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हे वाक्य कामाचं आहे. 'पारदर्शकता लक्षणीय नाही' हे त्याला दिशाभूल करणारं आहे.

ही अडचण आटपाडीपुरती नाही. प्रकल्पाच्या यशाचे घटक मोजण्याची जी प्रश्नावली जगभर वापरली गेली, ती पिंटो आणि स्लेव्हिन यांची, दहा घटकांची. १९८८ साली पिंटो आणि प्रेस्कॉट यांनी त्या घटकांवर विश्लेषण केलं, आणि माणसं म्हणजे निवड, प्रशिक्षण, मनुष्यबळ हा घटक यशाच्या हिशेबात गौण ठरला. प्रकल्पात माणसं महत्त्वाची नाहीत? लोक चक्रावले. २००४ साली कॅनडात बेलूत आणि गोव्ह्रो यांनी तोच प्रश्न पुन्हा घेतला. त्यांनाही दिसलं ते असं: माणसं या घटकाचा यशाशी सहसंबंध आहे, पण रिग्रेशनमध्ये त्याचा स्वतंत्र परिणाम दिसत नाही. माझं वाचन असं की चांगली माणसं असतात तिथे बाकीचे घटकही चांगलेच असतात. तांत्रिक काम नीट, संवाद नीट, अडचण लवकर सुटते. ते घटक आधीच समीकरणात असतील तर माणसांच्या वाट्याला वेगळं काय उरणार? सहसंबंध असणं आणि रिग्रेशनमध्ये स्वतंत्र परिणाम न दिसणं, या दोन निष्कर्षांत विसंगती नाही. वाचणाऱ्याने दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच प्रश्नाची समजू नयेत, एवढंच.

दुसरा मुद्दा १८० या आकड्याचा. 'नमुना पुरेसा मोठा आहे' असं प्रबंधात लिहिलेलं असतं. कशासाठी पुरेसा? सभासदाचं वय, शेती, पाटापासूनचं अंतर हे सभासदागणिक बदलतं. त्यासाठी १८० हे १८० च्या जवळपास आहेत. पण अध्यक्षांचं नेतृत्व पंधरा सभासदांना पंधरा वेगळं मिळत नाही. अध्यक्ष एक आहे. संस्था बारा आहेत, म्हणजे अध्यक्षही बारा. शिवाय एका संस्थेचे सभासद एकाच वितरिकेवर, एकाच आवर्तनाचं पाणी घेणारे, एकाच राजकारणात वावरणारे. त्यांची उत्तरं एकमेकांसारखी असणारच. उत्तरांमधल्या एकूण फरकापैकी ३० टक्के फरक संस्था-संस्थांमधला आहे असं धरलं, तर हिशेब असा:

```
1 + (15 − 1) × 0.30 = 5.2
180 / 5.2 ≈ 35
```

नेतृत्वासारख्या संस्थेच्या पातळीवरच्या घटकासाठी १८० उत्तरांची किंमत सुमारे ३५ उत्तरांइतकी. प्रमाण त्रुटी ५.२ च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळपास २.३ पटीने वाढते. तक्त्यात नेतृत्वाचा टी ३.२ छापला असेल आणि त्यापुढे दोन तारका असतील, तर खरा टी १.४ च्या आसपास. तारका गेल्या. त्यातही बाराच संस्था असल्याने या घटकाबद्दलची खात्री बारांच्या तुलनेवरच उभी आहे. ही तपासणी अवघड नाही. प्रत्येक संस्थेची सरासरी काढा, बारा ठिपक्यांचा आलेख काढा आणि बघा. एखाद-दुसरी संस्था बाजूला काढल्यावर रेघ आडवी होत असेल तर निष्कर्ष त्या संस्थेबद्दल आहे, नेतृत्वाबद्दल नाही. किती प्रबंधांत हा बारा ठिपक्यांचा आलेख दिसतो? पंधरा-पंधरा सभासद घेतले ते आकडा भरण्यासाठी, आणि आकडा भरला की तारका आपोआप येतात.

तिसरा मुद्दा थोडक्यात, कारण तो कळायला सोपा आणि टाळायला त्याहून सोपा आहे. सहभाग किती हेही सभासद सांगतो, संस्था यशस्वी आहे का हेही तोच, त्याच बैठकीत, त्याच पेनाने. त्या आठवड्यात पाणी आलेलं असेल तर तो दोन्हीकडे 'सहमत' लिहितो. डाळिंबाची बाग वाळत असेल तर दोन्हीकडे 'असहमत'. समजा दोन्ही उत्तरांतला ३० टक्के फरक निव्वळ त्या दिवसाच्या मनःस्थितीचा आहे आणि सहभागाचा यशाशी काडीचाही संबंध नाही. तरी सहसंबंध ०.३० येईल, आणि १८० उत्तरांवर ०.३० ला तीन तारका मिळतात. संबंध शून्य आणि तारका तीन. यावर उपाय गावातच आहे. यश सभासदाच्या मताने मोजायचं नाही, संस्थेच्या दप्तरातून घ्यायचं: किती क्षेत्राची मागणी आली आणि किती भिजलं, पाणीपट्टी किती वसूल झाली, शेवटच्या शेतापर्यंत आवर्तनात पाणी पोचलं का. दप्तर अर्धवट असेल, तर जेवढं आहे तेवढ्यावर सहसंबंध काढा. तो ०.६० वरून ०.२० ला घसरला तर तेच सांगा. ती घसरण हा या प्रबंधातला सर्वात मोलाचा आकडा असेल.

दप्तर बघितलं तरी दिशेचा प्रश्न उरतो. सभा भरतात म्हणून पाणी नीट वाटलं जातं, की पाणी येतं म्हणून सभा भरतात? वितरिकेच्या तोंडाशी असलेल्या संस्थेला आवर्तन हमखास मिळतं. तिथे पाणीपट्टी भरायला माणूस तयार असतो, सभेला यायलाही. शेपटाच्या संस्थेत पाणीच पोचत नाही, मग सभेला कोण येणार आणि कशासाठी? एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून हे दोन रस्ते वेगळे होत नाहीत. कोणत्या संस्थेला पहिलं पाणी कधी मिळालं आणि सभांची हजेरी त्याआधी काय होती, हे सभावृत्ताच्या वहीतून बघावं लागतं. 'परिणाम होतो' हे क्रियापद त्यानंतरच वापरता येतं.

आणि आता ज्या कारणासाठी मी आटपाडी घेतली, त्याकडे येतो. या बारा संस्थांत पाण्याची वाटणी कमी-जास्त असेल, पण पाण्याचा उगम एकच: कृष्णेचं उपसलेलं पाणी. पंप चालू असतील तरच ते तालुक्यात येतं, पंप बंद असतील तर कोणालाच येत नाही. या भागातल्या उपसा योजनांचे पंप वीजबिलाच्या थकबाकीपायी बंद पडल्याचं इथल्या कुठल्याही शेतकऱ्याने पाहिलेलं आहे. वीज, तिचा दर, बिल कोण भरणार याचा शासनाचा निर्णय, आवर्तनाच्या तारखा, मुळात टेंभूचं पाणी या तालुक्याला मंजूर होणं: हे सगळं बारा संस्थांमध्ये सारखं आहे. जे सारखं आहे त्यात फरक नाही, आणि ज्यात फरक नाही त्याचा सहसंबंध काढताच येत नाही. एसपीएसएस असा घटक बाहेर काढून टाकतो. प्रश्नावलीत 'शासनाचा पाठिंबा' असा प्रश्न असला तरी सगळे जवळपास तेच उत्तर देतात, सहसंबंध ०.०५ येतो आणि प्रबंधात लिहिलं जातं: 'शासकीय पाठिंब्याचा यशाशी लक्षणीय संबंध आढळला नाही.'

ज्या तालुक्याने पाणी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं परिषदा भरवल्या, मोर्चे काढले, त्या तालुक्याबद्दल हे वाक्य? पाणी असणं हा यशाचा घटकच नाही? हे वाक्य आकड्यांनी लिहिलेलं नाही. ते लिहिणाऱ्याने आकड्यांना न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर समजून लिहिलं. तक्ता फक्त या बारा संस्थांमधल्या आपापसातल्या फरकाबद्दल बोलतो. बाराही संस्थांना ज्याने उभं केलं आणि जे काढून घेतलं तर बाराही कोसळतील, त्याबद्दल तो गप्प असतो, आणि ते गप्प राहणं म्हणजे 'परिणाम नाही' असं सांगणं नव्हे. पाणी मिळणाऱ्या गावांसोबत न मिळणारी गावं, किंवा पंप चालू असलेली वर्षं आणि बंद असलेली वर्षं, अशी तुलना नमुन्यात घेतली असती तर हाच घटक बाकी सगळ्यांना मागे टाकून वर आला असता. घेतली नाही. मग निदान एवढं तरी लिहायला हवं की घेतली नाही.

याचं राजकारणही समजून घ्या. जे बदलतं ते गावाच्या हातातलं असतं: सभा, अध्यक्ष, हिशेब, प्रशिक्षण. जे बदलत नाही ते सरकारच्या हातातलं: पाणी, वीज, पैसा. एकाच तालुक्यातला, एकाच योजनेवरचा नमुना घेतला की रिग्रेशन पहिल्या गटातल्या घटकांनाच वर आणणार, कारण दुसऱ्या गटाला हलायला जागाच ठेवलेली नाही. मग प्रत्येक प्रबंध यशाचं श्रेय आणि अपयशाचा दोष गावावर ठेवतो. आटपाडीच्या चळवळीने वाटपाची मागणी केली ती योजनेच्या रचनेबद्दल होती: पाणी किती, कुणाला, कशातून. तो प्रश्न तक्त्यातून बाहेर पडतो आणि 'सभासदांमध्ये जागृती करावी' ही शिफारस उरते.

यावर तीन बचाव ऐकू येतात. एक: निष्कर्षाच्या प्रकरणात फक्त तक्ते द्यायचे, अर्थ लावायचा तो पुढच्या प्रकरणात. पण 'वाटा सर्वात मोठा', 'परिणाम होत नाही', 'कारणीभूत' हे अर्थ लावणंच आहे, आणि ते निष्कर्षाच्या प्रकरणात रोज लिहिलं जातं. अर्थ लावायची परवानगी आहे आणि बरोबर अर्थ लावायला मात्र मनाई, हा कुठला नियम? दोन: मर्यादा शेवटच्या प्रकरणात लिहिलेल्या आहेत. तिथे काय लिहिलेलं असतं? 'अभ्यास एका तालुक्यापुरता मर्यादित आहे आणि नमुना लहान आहे.' संस्था बाराच होत्या, दोन घटक वेगळे करता आले नाहीत, पाणी समीकरणातच नव्हतं, ही वाक्यं ज्या तक्त्याखाली लागतात तिथेच हवीत. दोनशे पानांनंतर ती कोणी वाचत नाही, आणि जिल्ह्याच्या अहवालात उचलला जातो तो तक्ता. तीन: विद्यार्थ्याला पदवी घ्यायची आहे, एवढं कुठून जमणार? वर केलेला एकही हिशेब कॅल्क्युलेटरच्या पलीकडचा नाही. जमत नाही हे खरं नाही. कोणी मागत नाही, हे खरं आहे.

तर त्या कल्पित प्रबंधात निष्कर्ष असा लिहिला जावा: 'बारा संस्थांच्या १८० सभासदांच्या उत्तरांमध्ये सहभाग, पारदर्शकता आणि संस्था यशस्वी असल्याचे मत एकत्र वाढताना दिसतात. सहभाग आणि पारदर्शकता एकमेकांशी इतक्या जोडलेल्या आहेत (०.८५) की त्यांचा वेगवेगळा वाटा या आकड्यांवरून ठरवता येत नाही. दोन्ही मिळून उत्तरांतला सुमारे ३७ टक्के फरक उलगडतो. हा फरक सभासदांच्या मतांमधला आहे, भिजलेल्या क्षेत्रातला नाही. नेतृत्वाबद्दलचा निष्कर्ष बारा संस्थांवर उभा असल्याने ठाम नाही. सर्व संस्था एकाच उपसा योजनेवर असल्याने पाण्याची उपलब्धता, वीज आणि शासकीय धोरण यांचा परिणाम या अभ्यासात मोजला गेलेला नाही.'

या परिच्छेदात तारका नाहीत, क्रमवारी नाही, 'सर्वाधिक प्रभावी घटक' नाही. तरी आटपाडीच्या पाण्याबद्दल यातून जेवढं कळतं तेवढं त्या तारकांच्या तक्त्यातून कळत नाही, आणि जे कळत नाही ते कळलं म्हणून खपवलंही जात नाही. म्हणून माझं म्हणणं परीक्षकांना आहे. तोंडी परीक्षेत 'तुमचा सर्वात महत्त्वाचा घटक कोणता?' हा प्रश्न विचारणं थांबवा. त्या प्रश्नामुळेच विद्यार्थी बीटांची क्रमवारी लावत बसतात. त्याऐवजी विचारा: तुमच्या नमुन्यात काय बदलत नव्हतं? तुमचे १८० खरे किती? यश कोणी मोजलं? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल, तर त्या प्रकरणात निष्कर्ष नाहीत, तक्ते आहेत, आणि तक्त्यांवर पदवी देऊ नका.